‘स्वीकारतो’ की ‘स्वीकारीन’? दोन भाषांतल्या एका लग्नाचे शब्द

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 साली हार्वर्ड विद्यापीठात जी व्याख्याने दिली, त्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर 1962 मध्ये निघाले. काही वाक्ये एखादी गोष्ट सांगत नाहीत, ती गोष्ट करतात, हा त्यांचा मुख्य मुद्दा. ‘मी राजीनामा देतो’ असे म्हणणे हेच राजीनामा देणे. ऑस्टिन यांचे आवडते उदाहरण लग्नातल्या ‘आय डू’चे होते. पुस्तकाच्या संपादकाने तिथे एक तळटीप घातली आहे. इंग्लंडच्या विवाहविधीत ‘आय डू’ हे शब्द नाहीतच, हे ऑस्टिन यांच्या लक्षात आले, पण दुरुस्ती करायला तोवर उशीर झाला होता. तिथल्या चर्चमधल्या प्रश्नाचे उत्तर ‘आय विल’ असे आहे.

या ‘विल’मुळेच लग्नाच्या शब्दांचे भाषांतर अवघड होते. ते भविष्यकाळाचे चिन्ह आहे, तसेच इच्छेचे आणि निश्चयाचेही. बाराव्या शतकापासून युरोपातल्या चर्चच्या कायद्याने वर्तमानकाळातले शब्द आणि भविष्यकाळातले शब्द असा भेद केला होता. ‘मी तुला पत्नी म्हणून घेतो’ असे वर्तमानात म्हटले की विवाह तिथल्या तिथे बांधील होई. ‘घेईन’ म्हटले तर तो फक्त वाङ्निश्चय. लॅटिनमध्ये ही रूपे स्वच्छ वेगळी असल्याने भेद चालून गेला. पण जर्मन शेतकऱ्याचा मुलगा मुलीला ‘इश विल’ म्हणे तेव्हा काय समजायचे? मार्टिन लूथरने 1530 च्या आपल्या विवाहविषयक पुस्तिकेत चर्चच्या कायदेपंडितांना याच जागी धारेवर धरले. साधा माणूस या शब्दांनी आत्ताची गोष्ट बोलतो, तुम्ही लॅटिनचे व्याकरण त्याच्या तोंडात कोंबून ती उद्यावर ढकलता, असा त्याचा रोख होता.

प्रत्येक भाषेने यावर आपापला उपाय काढला आहे. अरबी निकाहात स्वीकाराचे क्रियापद परंपरेने भूतकाळी असते. झाले म्हणजे झाले, त्यात शंकेला जागा नाही. मराठीत हे काम साधा वर्तमानकाळ करतो: शपथ घेतो, जाहीर करते, स्वीकारतो. म्हणून इंग्रजीतले ‘विल’ दिसले की ‘-ईन’ लावायचे, ही सवय लग्नाच्या मसुद्यात घातक ठरते. ‘मी तुला पत्नी म्हणून स्वीकारीन’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात सरळ प्रश्न उभा करते: कधी?

अलीकडे अशा एका मसुद्यावर काम करण्याचा योग आला. वधू मराठी, वर इंग्लंडमधला. त्याच्या आईवडिलांना मराठीचा गंध नाही आणि तिच्या आजीला इंग्रजीचा. दोघांनी पाच वाक्ये इंग्रजीत लिहिली होती आणि त्यांच्या एका स्नेह्याने त्यांचे मराठी केले होते. एकही शब्द चुकीचा नव्हता, तरी वाचताना जागोजागी ठेच लागत होती. शब्दकोशातला अर्थ टिकला होता. कोण, कोणाला उद्देशून, कोणत्या क्षणी काय करतो आहे, हे मात्र सांडले होते.

त्यांना ‘नातिचरामि’ हा शब्दही हवा होता, म्हणून तो आधी घेतो. न, अति, चरामि: मी ओलांडून जात नाही, अतिक्रमण करीत नाही. वर्तमानकाळ, प्रथमपुरुष. इंग्रजी निमंत्रणपत्रिकांत त्याचे ‘मी तुझ्याशी एकनिष्ठ राहीन’ अशा अर्थाचे रूप सर्रास दिसते. यात काळ बदलला, हे तर झालेच. पण त्याहून मोठा बदल म्हणजे ऐकणारा बदलला. कन्यादानाच्या वेळी वधूचा पिता वराला बजावतो, की धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतीत हिला डावलून वागू नकोस. त्याला वर जे उत्तर देतो ते ‘नातिचरामि’. म्हणजे शब्द सासऱ्याला दिलेला आहे. वधू त्या संभाषणाचा विषय आहे, त्यात भागीदार नाही. (तिला मराठीत बोलते करणारा लेखी विधी जोतीराव फुल्यांनी 1887 मध्ये छापला. त्यात वधू आपली अट सांगते आणि वर ती कबूल करतो.) आमच्या जोडप्यापुढे दोन मार्ग होते. एक तर मूळ प्रसंग तसाच ठेवून इंग्रजीतही ‘तुमच्या मुलीला’ असे म्हणायचे, नाहीतर तो शब्द दोघांनी एकमेकांना द्यायचा. त्यांनी दुसरा घेतला. संस्कृत क्रियापदाला लिंग नसल्याने दोघांना अक्षरही न बदलता तेच म्हणता आले. मराठीत त्यासाठी ‘ओलांडणार नाही’ चालते, कारण तेही स्त्रीपुरुषांना सारखेच आहे. ‘स्वीकारतो’ आणि ‘स्वीकारते’ यांचे तसे नाही. दोघांच्या हातात एकच छापील कागद देणार असाल, तर हे आधीच पाहून ठेवावे.

इंग्रजी ‘यू’ मराठीत आणताना घराण्याचा इतिहास मधे येतो. त्या पहिल्या मसुद्यात वर वधूला ‘तू’ म्हणत होता आणि वधू वराला ‘तुम्ही’. स्नेह्याने हे मुद्दाम केले नव्हते, कानाला सवयीचे ते हाताने लिहिले. पण इंग्रजीत दोघे बरोबरीने बोलत असताना मराठीत एकाने पायरी खाली उतरावी, याला भाषांतर म्हणता येत नाही. वधूने दोन्हीकडे ‘तू’ केले. आजीने ते ऐकून फक्त भुवया उंचावल्या, असे कळते.

‘वी’ची गोष्ट याहून बारीक आहे. इंग्रजीला एकच ‘वी’ पुरतो. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. मसुद्यात होते: ‘आम्ही दोघे मिळून घर उभे करू.’ वराने वधूच्या डोळ्यांत पाहून हे म्हटले असते, तर तो दुसऱ्याच कोणाबरोबर घर उभारणार आहे असा अर्थ झाला असता! पाहुण्यांकडे वळून बोलायचे असेल तर ‘आम्ही’, एकमेकांशी बोलायचे असेल तर ‘आपण’. म्हणजे तोंड कोणाकडे असणार हे ठरल्याशिवाय त्या वाक्याचे मराठी करताच येत नाही. शिवाय ‘आपण घर उभं करू’ हा मराठीत नुसता प्रस्तावही असतो, ‘चहा घेऊ’ म्हणावा तसा. वचनाचे वजन येण्यासाठी आम्ही त्याच्या आधी ‘मी वचन देतो’ जोडले.

मृत्यूने ताटातूट करीपर्यंत, ही इंग्रजी विधीतली प्रसिद्ध मुदत मराठीत शब्दशः आणली तर मांडवात शांतता पसरते. मंगलप्रसंगी मरणाचे नाव काढू नये हा आपला संकेत आहे. त्याला भिऊन बरेच जण ‘जन्मोजन्मी’ लिहितात. पण मूळ वाक्य सीमा घालते आणि हे ती पुसते. एक करार आहे, दुसरी श्रद्धा. ‘आयुष्यभर’ हा साधा शब्द सीमा राखतो आणि कोणाला दचकवतही नाही.

कायद्यासाठी लागणारे वाक्य मात्र या सगळ्यापासून अलग ठेवावे लागते. हा विवाह 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली होता. त्याच्या कलम 12 नुसार विधी कोणताही चालतो. मात्र विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर प्रत्येकाने दुसऱ्याला, मी तुझा विधिवत पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो, अशा आशयाचे ठरलेले वाक्य म्हटले पाहिजे, आणि तेही ‘पक्षांना समजणाऱ्या’ कोणत्याही भाषेत. यातले अनेकवचन महत्त्वाचे आहे. वराने मराठी वाक्य कितीही सुरेख पाठ केले, तरी पाठ असणे म्हणजे समजणे नव्हे. म्हणून हे एक वाक्य दोघांनी, दोघांनाही समजणाऱ्या इंग्रजीत, अधिकाऱ्यापुढे एकदा म्हटले आणि मराठी पाठ त्यानंतर ठेवला. अधिकाऱ्याला हा क्रम आदल्या आठवड्यात दाखवून घेतला होता.

मग उरले प्रत्यक्ष उच्चारण. पाच वाक्ये, दोन भाषा, दोन माणसे, म्हणजे वीस वाक्ये. कोणी पुढे सांगायचे आणि त्यांनी मागून म्हणायचे, असे केले तर चाळीस. आधी सगळे इंग्रजी आणि मग सगळे मराठी म्हटले, तर अर्धा मांडव निम्मा वेळ गप्पा मारतो. म्हणून वाक्यामागून वाक्य असा क्रम धरला आणि प्रत्येकाने आधी जोडीदाराच्या मातृभाषेत बोलावे असे ठरले. तालमीत मराठीच्या रचनेने गोंधळ घातला. इंग्रजीत क्रियापद लवकर येते, त्यामुळे वाक्य कुठेही तोडले तरी अर्थ हाती लागत जातो. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही पुढे. सांगणाऱ्याने ‘मी तुला एकटं सोडणार’ इथे श्वास घेतला, वराने निष्ठेने तेवढेच म्हटले आणि खोलीतले सगळे हसले. ‘नाही’ पुढच्या श्वासात आले, पण तोवर व्हायचे ते झाले होते. तेव्हापासून तुकडे पाडताना क्रियापद आणि ‘नाही’ कधी वेगळे होऊ द्यायचे नाहीत, आणि लांब वाक्य असेल तर त्याची दोन करायची, असा नियम केला.

शेवटची तपासणी उलट भाषांतराची. इंग्रजी मसुदा न पाहिलेल्या वधूच्या मावशींना फक्त मराठी कागद दिला आणि त्यांनी त्याचे इंग्रजी सांगावे असे ठरवले. बहुतेक वाक्ये जागच्या जागी परतली. ‘आजारपणात मी तुझ्याजवळ असेन’ इथे मात्र त्या अडखळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, की बहुधा असेन. त्यांचे बरोबरच होते. ‘पाच वाजता मी घरी असेन’ यात वचन नसते, अंदाज असतो. वराने कागदावरचे ‘असेन’ खोडून तिथे, मावशींना विचारत विचारत, स्वतःच्या अक्षरात ‘राहीन’ लिहिले.