खाऱ्या पाण्याचे गोडे थेंब

पाचवी-सहावीच्या कोणत्याही वहीतली जलचक्राची आकृती पाहा. समुद्र, सूर्य, वर जाणारे बाण, ढग, डोंगर, खाली येणारे बाण. बाणांवर बाष्पीभवन, संघनन, पर्जन्य ही नावं शुद्धलेखनासह बरोबर लिहिलेली असतात. मग त्याच मुलाला विचारावं, समुद्राचं पाणी खारट, तर पाऊस खारट का नाही? ‘ढगात पाणी गाळलं जातं’, ‘मीठ जड असतं म्हणून वाटेत पडतं’, ‘पावसाचं पाणी समुद्राचं नसतंच, नदीचं असतं’ अशी उत्तरं येतात. या उत्तरांमागे मुलांनी विचार केलेला असतो, पण वहीतल्या आकृतीचा त्या विचाराशी काही संबंध आलेला नसतो.

हा संबंध जोडायला घरातलं सामान पुरतं. एक पसरट काचेचा वाडगा, त्यात बसेल अशी स्टीलची जड वाटी, पारदर्शक प्लास्टिकचा कागद, मोठं रबर आणि एक खडा. वाड्यात दोन बोटं पाणी घ्यायचं, त्यात दोन चमचे मीठ आणि थोडा खाण्याचा रंग विरघळवायचा. मधोमध कोरडी वाटी ठेवायची. वाटीचा काठ पाण्याच्या वर, पण वाडग्याच्या काठापेक्षा खाली हवा. वरून कागद थोडा सैल बसवून रबराने घट्ट करायचा आणि वाटीच्या बरोबर वर खडा ठेवायचा, म्हणजे कागदाला तिथे खोलगट उतार मिळतो. मग वाडगा उन्हात ठेवायचा. थोड्याच वेळात कागदाच्या आतल्या बाजूला धुकं धरतं, मग बारीक थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि घरंगळत खड्याखाली येऊन वाटीत पडतात. कडक उन्हात दोन-तीन तासांनी चमचा-दोन चमचे पाणी मिळालं तरी पुरे.

हे सगळं मुलांनी स्वतः करायचं असतं, आणि चुकाही त्यांनीच शोधायच्या असतात. वाटी हलकी असेल तर ती तरंगते. खडा बाजूला सरकला की थेंब वाटीऐवजी पुन्हा खाऱ्या पाण्यात पडतात. वाडगा उचलून उन्हात नेताना पाणी हिंदकळलं तर वाटीत रंग दिसतो. रंग घालण्याचं एक कारण हेच, की शिरलेलं पाणी लगेच पकडलं जातं. म्हणून वाडगा आधी उन्हात ठेवावा आणि पाणी तिथेच ओतावं. घाईपोटी गरम पाणी वापरायचा मोह होतो. धुकं झटकन दिसतं खरं, पण पाणी तापल्याशिवाय वाफ होतच नाही, असं मुलं त्यातून शिकून जातात. त्यापेक्षा साधं पाणी घ्यावं, आणि शेजारी दोन उघड्या बशांत सारखं पाणी घालून एक उन्हात, एक सावलीत ठेवावी. दुसऱ्या दिवशी सावलीतल्या बशीतलंही पाणी उतरलेलं दिसतं.

मात्र, खडा ठेवला आणि थेंब पडले, एवढ्यावर तास संपवला तर मुलांच्या हाती एक मजेदार खेळ उरतो. वाडगा उन्हात नेण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज आणि त्याचं कारण लिहायला हवं. रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन या शिक्षणतज्ज्ञांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात ही रीत सविस्तर मांडली आहे: आधी भाकीत, मग निरीक्षण, मग दोन्ही जुळत नसतील तर खुलासा. कारण लिहिल्याशिवाय अंदाजाला अर्थ नाही. नुसता अंदाज नाणेफेकीनेही बरोबर येतो.

पहिला प्रश्न, वाटीतलं पाणी रंगीत असेल का, खारट असेल का? रंग डोळ्यांना दिसतो. मीठ तपासायला दोन्ही पाण्यांचा एकेक थेंब काळ्या ताटलीवर वाळवावा. एका जागी पांढरा डाग राहतो, दुसरी जागा जवळजवळ स्वच्छ. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: वाडग्यात उरलेलं पाणी आता आधीपेक्षा जास्त खारट झालं, कमी, की तेवढंच? पाणी गेलं आणि मीठ मागे राहिलं हे ज्याला खरोखर उमगलं, तोच ‘जास्त’ म्हणून कारण देऊ शकतो. तिसरा प्रश्न वजनाचा. झाकलेला वाडगा उन्हात ठेवण्यापूर्वी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर? ‘वाफ हलकी, म्हणून वजन कमी होईल’, असं म्हणणारी मुलं असतात. वजन तेवढंच भरतं. कमी भरलं तर रबर सैल आहे, कुठून तरी वाफ निसटली आहे.

आता विषय तोच ठेवून प्रसंग बदलावा. थंडगार कोकम सरबताच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं. ते कुठून आलं? १९८३मध्ये न्यूझीलंडच्या रॉजर ऑसबर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह यांनी आठ ते सतरा वर्षांच्या मुलांना बर्फ घातलेल्या बरणीबद्दल असंच विचारलं होतं. पाणी काचेतून झिरपलं, थंडीचंच पाणी झालं, अशी उत्तरं त्यांना मिळाली. मोठ्या मुलांनीही ती दिली होती. आपल्या पेल्याचा खुलासा कोकमच करतं, कारण बाहेरचे थेंब लाल नसतात. पावसाळ्यात तोच पेला काट्यावर ठेवला तर वजन थोडं वाढलेलंही दिसतं. ते पाणी खोलीतल्या हवेतून आलेलं आहे.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचा प्रश्न शेवटचा: या वाडग्यात असं काय आहे, जे आकाशात नाही? मुलं प्लास्टिककडे बोट दाखवतात, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते. वाडग्यात वाफ कागदाला लागून निवते. आकाशात असं झाकण नाही. तिथे हवा वर चढते, वर दाब कमी म्हणून ती प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना निवते. ढग धरेपर्यंत दर शंभर मीटरला साधारण एक अंश. तिच्यातली वाफ धूळ किंवा मिठाच्या सूक्ष्म कणांवर जमते आणि ढग होतो. ढगातले थेंब इतके बारीक असतात, की पावसाचा एक थेंब व्हायला त्यांतले सुमारे दहा लाख एकत्र यावे लागतात. कागदावर थेंब मिसळताना मुलांनी पाहिलेले असतात, तेवढा भाग मात्र वाडगा बऱ्यापैकी खरा दाखवतो. जमिनीत मुरणारं पाणी, झाडांच्या पानांतून जाणारी वाफ आणि वारा यांतलं काहीच तो दाखवत नाही.

वारा नसल्याचा परिणाम दाखवायला महाबळेश्वर आणि वाई पुरेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, पसरणी घाट उतरून तासाभराच्या वाटेवर असलेल्या वाईला हजारही नाही. समुद्र तोच, ढग त्याच दिशेने येणारे. वाडग्यावरून याचं उत्तर निघत नाही, हे मुलांनी आधी सांगायला हवं आणि मग काय कमी पडतंय ते. अरबी समुद्रावरचं दमट वारं सह्याद्रीला अडून वर चढतं, निवतं आणि माथ्यावर बरसतं; पूर्वेकडे उतरताना तीच हवा दबते, तापते आणि उरलेले ढग विरू लागतात. हे कळलेलं मूल वहीतल्या आकृतीत डोंगराच्या दोन्ही बाजूंना सारखा पाऊस काढत नाही. ते समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याचा एक बाण आडवा काढतं आणि डोंगरापलीकडची बाजू जवळजवळ कोरी ठेवतं.