थोडी रोकड, थोडे रोखे

आपल्याजवळ एक लाख रुपयांची शिल्लक आहे असे समजू. ती दोनच रूपांत ठेवता येते: रोख पैसा किंवा सरकारी रोखे. रोख पैशावर व्याज मिळत नाही, रोख्यांवर वर्षाला 5 टक्के मिळते. मग सगळी रक्कम रोख्यांत का गुंतवू नये? आणि तरीही माणसे काही पैसा तसाच का ठेवतात?

याचे कारण रोख्याच्या किमतीत आहे. दरवर्षी कायम 5 रुपये देणारा, मुदत नसलेला एक रोखा घेऊ. (ब्रिटिश सरकारचे असे रोखे 2015 पर्यंत अस्तित्वात होते.) बाजारात व्याजदर 5 टक्के असेल तर त्याची किंमत 100 रुपये. दर 6 टक्के झाला, तर नव्या 100 रुपयांवर 6 रुपये मिळू लागतात. मग आपल्या 5 रुपयेवाल्या रोख्याला कोणी 83 रुपयांच्या वर भाव देणार नाही. उलट दर 4 टक्के झाला, तर त्याची किंमत 125 होते. म्हणजे व्याज ठरलेले असले, तरी मुद्दल मात्र हेलकावे खाते.

केन्सने 1936 मध्ये या प्रश्नाला असे उत्तर दिले: प्रत्येकाच्या मनात व्याजाचा एक 'नेहमीचा' दर असतो. चालू दर त्याहून बराच कमी वाटला, तर माणूस दर वाढण्याची, म्हणजे किंमत पडण्याची, वाट पाहत सगळा पैसा रोख ठेवतो. नाहीतर सगळा रोख्यांत घालतो. पण या हिशेबात एकच माणूस दोन्ही थोडे थोडे का ठेवतो, हे कळत नाही. जेम्स टोबिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1958 मध्ये ही अडचण सोडवली. त्याच्या मांडणीत माणसाला किंमत चढेल की पडेल हे माहीत नसते. दोन्ही शक्यता त्याला सारख्याच वाटतात. फक्त त्याला जोखीम आवडत नाही.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, वर्षभरात रोख्याची किंमत 10 टक्के चढेल किंवा 10 टक्के पडेल. नाणे उडवण्यासारखी गोष्ट. आपण संपूर्ण लाख रुपये रोख्यांत घातले, तर अपेक्षित मिळकत 5,000 आणि हेलकावा 10,000 रुपयांचा. निम्मे घातले, तर मिळकत 2,500 आणि हेलकावा 5,000. दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात, हे ध्यानात ठेवू.

पण जोखीम टाळणाऱ्या माणसाच्या मनातली बोचणी त्या प्रमाणात वाढत नाही. लहान तोटा सोसता येतो, मोठा जिव्हारी लागतो. म्हणून हेलकावा दुप्पट झाला की बोचणी चौपट, असे धरू. एखाद्याला 5,000 च्या हेलकाव्याची बोचणी 1,250 रुपयांइतकी वाटत असेल, तर 10,000 च्या हेलकाव्याची 5,000 रुपयांइतकी वाटेल. मिळकतीतून बोचणी वजा करू:

रोख्यांत 25 हजार: 1,250 − 312 = 938
रोख्यांत 50 हजार: 2,500 − 1,250 = 1,250
रोख्यांत 75 हजार: 3,750 − 2,812 = 938
रोख्यांत 1 लाख: 5,000 − 5,000 = 0

सर्वांत जास्त समाधान अर्ध्यावर! म्हणून हा माणूस पन्नास हजार रोख ठेवतो, आणि त्यात वेडेपणा काहीच नाही.

व्याजदर 6 टक्के केला, की हाच हिशेब 60 हजारांवर उच्चांक दाखवतो. रोख ठेवायची रक्कम 40 हजारांवर येते. व्याज वाढले की पैशाची मागणी घटते, ती अशी. आता दर पुन्हा 5 टक्के ठेवून किमतीचा हेलकावा 20 टक्के करू. रोख्यांत फक्त साडेबारा हजार जातात आणि रोकड साडेसत्याऐंशी हजार होते. व्याजदर जागचा हलला नाही, तरी केवळ अनिश्चितता वाढल्याने पैशाची मागणी वाढली. वर्गात विद्यार्थ्यांकडून हे आकडे काढून घेता येतील.

या मांडणीच्या दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे, आपण बोचणीचा नियम ठरवून घेतला, म्हणून व्याज वाढताच रोखे वाढले. प्रत्यक्षात काही जण जादा व्याजामुळे थोड्या रोख्यांतच गरज भागवून जोखीम कमी करू शकतात. टोबिनलाही ही शक्यता मान्य होती. दुसरी मर्यादा मोठी आहे. मुद्दल न हलणारे आणि वर व्याजही देणारे बचत खाते उपलब्ध असेल, तर जोखमीच्या भीतीने कोणी नोटा पेटीत ठेवणार नाही. पैसे खात्यात जातील. तेव्हा हा सिद्धांत सुरक्षित ठेवींची मागणी चांगली समजावतो. खिशातल्या नोटांचे कारण मात्र रोजच्या खरेदी-विक्रीतच शोधावे लागते.