तीस दिवसांत ‘वॉर अँड पीस’

टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ बहुतेक लोक दोन ठिकाणी सोडतात. पहिलं ठिकाण म्हणजे सुरुवातीची पंचवीस प्रकरणं. जुलै १८०५, सेंट पीटर्सबर्गमधली ॲना पाव्लोव्हनाच्या दिवाणखान्यातली संध्याकाळ, आणि पाच घरांतली माणसं एकामागून एक आत येत राहतात. दुसरं ठिकाण त्याच्या लगेच पुढे आहे. सगळा पसारा उचलून लेखक ऑस्ट्रियातल्या युद्धावर जातो आणि अनोळखी सेनापतींची रांग लागते. या दोन जागा ओलांडल्या की पुढे पुस्तक सुटण्याची भीती बरीच कमी होते. म्हणून महिन्याचं वेळापत्रक आखताना पानं सारखी वाटून चालत नाही.

हिशेब पानांचा न करता प्रकरणांचा करावा. कादंबरी चार खंडांची आहे, शिवाय दोन भागांचा उपसंहार. प्रकरणं एकूण ३६१, आणि बहुतेक तीन-चार पानांत आटोपतात. (काही इंग्रजी आवृत्त्यांत खंडांऐवजी पंधरा ‘पुस्तकं’ असतात आणि प्रकरणांच्या आकड्यात चार-पाचचा फरक पडतो, त्याने काही बिघडत नाही.) पहिले तीन दिवस फक्त त्या पहिल्या पंचवीस प्रकरणांना द्यावेत, म्हणजे रोज आठ-नऊच. या दिवसांत गोष्ट पुढे नेण्याची घाई नको, माणसं ओळखीची करून घ्यायची. त्यानंतर रोज तेरा-चौदा प्रकरणं. साधारण पंचेचाळीस पानं होतात, आणि त्यासाठी दीड-दोन तास हवेत. ते एका बैठकीत काढण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ असे दोन भाग केलेले बरे. या गतीने पहिला खंड सहाव्या दिवशी संपतो, दुसरा तेराव्या, तिसरा विसाव्या, चौथा सव्विसाव्या आणि उपसंहार अठ्ठाविसाव्या दिवशी. दोन दिवस हातात उरतात. एखादं लग्नकार्य किंवा ताप आला तर ते तिथे खर्ची पडतील. मागे पडलात तर दुसऱ्या दिवशी सव्वीस प्रकरणं वाचायचा हट्ट करू नका, पुढचे काही दिवस रोज दोन-दोन जास्त वाचा.

आता माणसांकडे वळू. कादंबरीत नावं असलेली पात्रं पाचशेच्या वर आहेत, हे ऐकूनच धीर सुटतो. पण लक्षात ठेवायची माणसं मुख्यतः पाच घरांतली आहेत: बेझुखोव, बोल्कोन्स्की, रोस्तोव, कुरागिन आणि द्रुबेत्स्कोय. एक जाड कागद मधोमध दुमडून त्याचीच वाचनखूण करावी. आतल्या बाजूला ही पाच घरं, प्रत्येकाला अर्धी वीत जागा. वही केली तर ती टेबलावरच राहते आणि पुस्तक गादीवर जातं. खूण मात्र पुस्तकाबरोबर असते.

रशियन नावांना आपण घाबरतो, वास्तविक मराठी माणसाला त्यांची रीत परकी वाटायचं कारण नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आंद्रेई निकोलायेविच बोल्कोन्स्की म्हणजे निकोलायचा मुलगा आंद्रेई. आपल्या घरात जसा कागदोपत्री बाळकृष्ण असतो आणि हाका बाळूच्या मारल्या जातात, तशीच आंद्रेईची बहीण त्याला आंद्र्यूशा म्हणते, नताल्याची नताशा होते आणि आंद्रेईच्या लेकराला, निकोलायला, निकोलेन्का म्हणतात. म्हणून कागदावर प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: हाक मारायची नावं, वडिलांचं नाव आणि एक दिसणारी खूण.

ही खूण आपण शोधायची गरज नाही, टॉलस्टॉयने ती दिलेली असते आणि तो ती पुन्हापुन्हा काढतो. आंद्रेईच्या बायकोचा, लीझाचा, वरचा ओठ किंचित आखूड आणि त्यावर बारीक लव. त्याच्या बहिणीचे, मारियाचे, डोळे टपोरे आणि तेजाळ, पाऊल मात्र जड. एलेन कुरागिनाचे उघडे खांदे आणि कधी न बदलणारं हसू. पिएर जाडा, चष्मेवाला, समारंभात अवघडलेला. नाव विसरलं तरी ओठ किंवा चष्मा आला की माणूस ओळखू येतो.

खरा घोटाळा होतो तो एकाच नावाच्या माणसांचा. पहिल्याच मैफलीत दोन ॲना आहेत: घरची यजमानीण ॲना पाव्लोव्हना, आणि मुलगा बोरिसच्या बदलीसाठी प्रिन्स वसीलीच्या मागे लागलेली ॲना मिखाइलोव्हना द्रुबेत्स्काया. पुढे नताल्या नावाची आई आणि तिची त्याच नावाची मुलगी एकाच दिवशी नामदिन साजरा करतात. निकोलाय तर तीन: म्हातारा बोल्कोन्स्की, तरुण रोस्तोव आणि आंद्रेईचा मुलगा. अशा जोड्या कागदावर शेजारीशेजारी लिहून त्यांच्याभोवती एकच चौकट काढावी. अनुवादही मध्येच बदलू नये. मॉड दांपत्याच्या मूळ इंग्रजी अनुवादात आंद्रेईचा ‘अँड्र्यू’ आणि निकोलायचा ‘निकोलस’ झालेला आहे. निम्मं पुस्तक एकात आणि निम्मं दुसऱ्यात वाचलं, तर ओळखीचे चेहरे पुन्हा अनोळखी होतात.

कागदाच्या मागच्या बाजूला या घरांबाहेरची माणसं लिहायची, पण एका अटीवर: पात्र दुसऱ्यांदा आलं तरच लिहायचं. युद्धाच्या प्रकरणांत हा नियम फार उपयोगी पडतो. तिथे नेपोलियन, झार अलेक्झांडर, कुतुझोव अशा इतिहासातल्या माणसांना आठवणीची गरज नसते. बाकी अधिकारी एका पानावर येऊन जातात, त्यांना जाऊ द्यावं. पहिल्या मोहिमेत फक्त आंद्रेई आणि निकोलाय रोस्तोव कुठे आहेत एवढं धरून ठेवा.

तुशीन हा तोफखान्याचा कॅप्टन या नियमाने नेमका हाती लागतो. शोंग्राबेर्नच्या लढाईत बुटका, लाजरा तुशीन आपल्या तोफा सोडत नाही, आणि त्याच संध्याकाळी जखमी रोस्तोवला तोफेच्या गाड्यावर बसू देतो. त्यानंतर पन्नासेक प्रकरणं तो दिसत नाही, म्हणजे तुमचे जवळपास चार दिवस. मग रोस्तोव एका लष्करी इस्पितळात मित्राला शोधत जातो, तिथे झग्यातला, एक हात गमावलेला एक बुटका माणूस हसून त्याच्याशी बोलू लागतो. नाव तुशीन. ती गाड्यावरची संध्याकाळ आठवत नसेल तर हे पान नुसतं इस्पितळाचं वर्णन वाटतं. लढाई वाचताना त्याचं नाव दोन-तीन प्रकरणांत येऊन गेलेलं असतं, म्हणून ते कागदावर असतं. शेजारी शेवटचा कुठे भेटला तो भाग-प्रकरण लिहिलेला असला, की दोन मिनिटांत मागे जाऊन पाहता येतं.

नाव अडलं म्हणून इंटरनेटवर शोधू मात्र नका. पहिल्याच ओळीत ते पात्र कुणाशी लग्न करतं आणि कधी मरतं हे कळून जातं. आपण धागा सोडला आहे हे कसं ओळखायचं? अर्धं पान संवाद वाचून झाला आणि कोण कुणावर रागावलंय हे सांगता आलं नाही, तर चालू प्रकरणाच्या सुरुवातीला जावं. तीन पानांचंच काम आहे. त्याहून मागे जाऊ नये.

तिसऱ्या खंडापासून इतिहासावरचे निबंध मध्येमध्ये येऊ लागतात. ते रात्री झोपेच्या तोंडावर वाचले तर काहीच उरत नाही, सकाळच्या वाट्यात टाकावेत. उपसंहाराच्या पहिल्या भागात सोळा प्रकरणं आहेत आणि गोष्ट तिथे संपते. दुसऱ्या भागाच्या बारा प्रकरणांत पिएरही नाही आणि नताशाही नाही, फक्त इतिहास कोण घडवतं याचा वाद आहे. माझ्या मते दिवस कमी पडले तर हा भाग खुशाल पुढच्या महिन्यावर ढकलावा. खुद्द टॉलस्टॉयने १८७३ च्या आवृत्तीत असं चिंतन गोष्टीतून काढून शेवटी परिशिष्टात नेलं होतं.