व्हिजन कुठे संपतं, मिशन कुठे सुरू होतं

व्हिजन म्हणजे कंपनीला उद्या कुठे पोहोचायचंय. मिशन म्हणजे ती आज कोणासाठी, काय करते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मायक्रोसॉफ्टचं व्हिजन होतं, प्रत्येक टेबलावर आणि प्रत्येक घरात संगणक. वाचताच चित्र उभं राहतं आणि किती गाठलं तेही मोजता येतं. पण श्रीमंत देशांत घरोघरी संगणक आले, तसं ते वाक्य दिशा दाखवेनासं झालं. २०१५ मध्ये सत्या नाडेला यांनी नवं मिशन मांडलं: प्रत्येक व्यक्तीला आणि संस्थेला अधिक साध्य करण्याचं बळ देणं. हे काम कधी संपत नाही. मात्र मोजायलाही अवघड. आपलं वाक्य पारखायचं असेल, तर त्यात प्रतिस्पर्ध्याचं नाव घालून पाहा. तरीही चपखल बसलं, तर ते पुन्हा लिहा.