टेपने तपासलेला काटकोन

घराच्या पायाची आखणी करताना गवंडी हाताशी गुण्या ठेवतो, पण जमिनीवरच्या मोठ्या कोपऱ्यासाठी त्यावर विसंबत नाही. दीड-दोन फुटांच्या पट्टीत न दिसणारा फरक चाळीस फुटांवर चांगलाच दिसतो. म्हणून तो दोरीवर कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फुटांवर खूण करतो, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर, आणि दोन्ही खुणांमधलं अंतर टेपने मोजतो. ते बरोबर ५ फूट आलं की कोपरा काटकोनात आहे, असं तो खात्रीने सांगतो.

ही खात्री पायथागोरसच्या प्रमेयातून थेट मिळत नाही. प्रमेय सांगतं की त्रिकोण काटकोनी असेल तर कर्णावरचा वर्ग इतर दोन बाजूंवरच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. गवंडी उलट दिशेने येतो. त्याच्याकडे फक्त लांब्या आहेत आणि त्यांवरून त्याला कोन ठरवायचा आहे. उलट विधान आपोआप खरं ठरत नसतं. चौरसाचे कर्ण समान असतात, पण कर्ण समान आहेत म्हणून चौकोन चौरस होत नाही. त्यामुळेच युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या भागात ४७वं विधान म्हणून हे प्रमेय दिलं आणि लगेच ४८व्यात त्याचा व्यत्यास वेगळा सिद्ध केला.

सिद्धता सुंदर आणि छोटी आहे. समजा, आपल्या त्रिकोणाच्या बाजू १२, १६ आणि २० फूट आहेत आणि कोनाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. आता शेजारी दुसरा त्रिकोण काढा. त्यात १२ आणि १६ फुटांच्या बाजू मुद्दाम काटकोनात ठेवा. १४४ आणि २५६ मिळून ४००, म्हणून मूळ प्रमेयानुसार त्याचा कर्ण २० फूटच येणार. दोन्ही त्रिकोणांच्या तिन्ही बाजू जुळल्या, म्हणजे शाळेतल्या बाबाबा कसोटीने ते एकरूप झाले. दुसऱ्यात काटकोन आहे, तेव्हा पहिल्यातही तो असलाच पाहिजे.

तपासताना सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग एकीकडे आणि उरलेल्या दोघींच्या वर्गांची बेरीज दुसरीकडे ठेवायची. मोठ्या बाजूचा वर्ग जास्त निघाला तर तिच्या समोरचा कोन विशाल, कमी निघाला तर लघु. ८, ९, १२ या बाजू पाहिल्यावर काटकोन असावा असं वाटतं, पण ६४ आणि ८१ मिळून १४५ होतात आणि १२चा वर्ग १४४ आहे. एकाच्या फरकाने हा कोन ९० अंशांच्या जरासा आत राहतो.

पूर्णांकांची त्रिकुटं सोयीची ठरतात, कारण त्यांत वर्गमूळ काढावं लागत नाही. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत ३ व ४, १२ व ५, १५ व ८, ७ व २४ अशा जोड्यांची यादीच आहे. तिच्यात १५ व ३६ ही जोडीही येते, जी ५ व १२ची तिप्पट आहे. एखाद्या त्रिकुटाच्या तिन्ही संख्यांना एकाच संख्येने गुणलं तरी काटकोन टिकतो, आणि प्रत्यक्ष कामात मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

कारण टेप कधीच अगदी अचूक नसतो. ३-४-५ फूट घेऊन कर्णात पाव इंच चूक झाली, तर कोन जवळजवळ अर्ध्या अंशाने हलतो आणि चाळीस फुटांच्या भिंतीचं टोक सुमारे चार इंच सरकतं. तेच १२-१६-२० फूट घेतलं, तर त्याच पाव इंचाने टोक फक्त इंचभर हलतं. म्हणून जागा मिळेल तेवढं मोठं त्रिकूट घ्यावं. टेपला झोळ पडू देऊ नये आणि उताराच्या जमिनीवर तो जमिनीला टेकवून न धरता आडव्या पातळीत ताणावा, नाहीतर हिशोब बरोबर असूनही कोपरा चुकतो.

आता समजा १२ आणि १६ फुटांच्या खुणांमध्ये अंतर २० फुटांऐवजी १९ फूट १० इंच आलं. कर्ण अपुरा, म्हणजे कोपरा आतल्या बाजूला मिटलेला आहे. किती? १९ फूट १० इंचांचा वर्ग ३९३.३६, म्हणजे ४००ला ६.६४ कमी. त्याला १२च्या दुपटीने, २४ने, भागलं की ०.२८ फूट, साधारण सव्वातीन इंच मिळतात. १६ फुटांवरची खुंटी कोपऱ्यापासूनचं अंतर कायम ठेवून तेवढी बाहेर सरकवायची आणि कर्ण पुन्हा मोजायचा.

चारही कोपरे ठोकून झाले की दोन्ही कर्ण मोजून पाहतात. ते समान आले तरी समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत ना, हे आधी बघावं लागतं. एक बाजू आखूड आणि तिच्या समोरची लांब असलेल्या समलंब चौकोनातही कर्ण समान येऊ शकतात, आणि तिथे एकही कोपरा काटकोनात नसतो.