आधी नजर, मग नमस्कार

सरकारी कचेरीत सकाळी दहाच्या सुमारास रोज एक गोष्ट घडते. आत येणारा माणूस दारातूनच "नमस्कार मंडळी" म्हणतो आणि आपल्या खुर्चीकडे चालू लागतो. कुणी फायलीतून मान वर न काढताच "या, या" म्हणतं, कुणी नुसतंच "हं" करतं. कुणी कुणाकडे पाहिलेलं नसतं, तरी सगळ्यांना सगळ्यांचा नमस्कार पोचलेला असतो. त्याच खोलीत एखादी कर्णबधिर सहकारी बसत असेल, तर तिला मात्र तो पोचत नाही. तिनं उत्तर दिलं नाही एवढंच बाकीच्यांना दिसतं आणि आठवडाभरात "नव्या मॅडम जरा तुटकच आहेत" असं बोललं जाऊ लागतं.

असा प्रसंग आता दुर्मीळ राहिलेला नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या आहेत आणि त्यातला १ टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. समजा, तुमच्या लेखाशाखेत अशा एक मॅडम नुकत्याच रुजू झाल्या आहेत. सोमवारी सकाळी तुम्ही कचेरीत शिरता आहात, त्या खिडकीजवळच्या टेबलावर पावत्या लावत बसल्या आहेत आणि त्यांची पाठ दाराकडे आहे.

पहिलं काम आहे त्यांची नजर आपल्याकडे वळवण्याचं. मागून जाऊन एकदम समोर उभं राहू नये. पावलांची चाहूल लागलेली नसल्यामुळे माणूस दचकतो, आणि दिवसातून चार वेळा दचकायला लावणाऱ्या सहकाऱ्याचा नमस्कार कुणाला नकोसाच होईल. बाजूनं थोडं वळसा घालून, त्यांच्या डोळ्यांच्या कडेला आपण दिसू अशा जागी यावं आणि हात खांद्याच्या उंचीला धरून हलकेच हलवावा. तोंडासमोर हात नाचवायची गरज नसते, कारण कडेला झालेली हालचाल डोळा चटकन टिपतो. एवढ्यानं लक्ष गेलं नाही तर टेबलाच्या कडेवर बोटांनी दोनदा थापटावं, लाकडातून कंप हाताला जाणवतो. खांद्यावर हलके दोनदा टकटक करणं ही कर्णबधिर मंडळींमध्ये अगदी रुळलेली रीत आहे. तरी बाईमाणूस आणि नवी ओळख असेल तर आपल्याकडे टेबलावरची थाप बरी, आणि पुढे त्या स्वतःच काय चालेल ते सांगतात. दंड धरून ओढणं, पाठीत थोपटणं, लक्ष वेधायला कागदाचा बोळा फेकणं हे मात्र कधीच करू नये. खोलीतले सगळेच त्यांच्याशी बोलणार असतील तर दिव्याचं बटण एकदा बंद-चालू करतात. एकट्या माणसाला सकाळी नमस्कार करायला त्याची गरज पडत नाही.

नजर वळली की समोर उभं राहायचं, थोडं अंतर सोडून. खिडकीला पाठ करून उभे राहिलात तर मागच्या उजेडामुळे तुमचा चेहरा काळा पडतो आणि त्यांना नुसती आकृती दिसते. म्हणून दोन पावलं सरकून उजेड आपल्या तोंडावर येईल असं उभं राहावं. त्या बसलेल्या असतील आणि बोलणं लांबणार असेल तर खुर्ची ओढून बसावं. तोंडात सुपारी नको, हनुवटीवर हात नको, रुमाल नको. बोलायचं असेल तर नेहमीच्या गतीनं आणि नेहमीच्या आवाजात बोलावं. ओरडलं की ओठ ताणले जातात आणि एकेक अक्षर फोडून म्हटलं की शब्दाचा ओळखीचा आकारच राहत नाही.

पण ओठांवर किती भिस्त ठेवायची? आरशासमोर उभे राहून आवाज न काढता मामा, बाबा आणि पापा असे तीन शब्द म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ अगदी तसेच मिटतात आणि तसेच उघडतात. प, फ, ब, भ, म यांतला फरक घशात, नाकात आणि श्वासात असतो, तो बाहेर दिसत नाही. क, ख, ग, घ तर तोंडाच्या मागच्या बाजूला होतात, त्यांचा ओठांवर मागमूस नसतो. सात आणि साठ ओठांवरून वेगळे काढणं जवळपास अशक्य आहे, आणि लेखाशाखेत हा फरक केवढा पडतो ते सांगायला नको. ओठ वाचणारा माणूस बराचसा अर्थ संदर्भावरून जुळवत असतो आणि दिवसभर हे करून डोळे आणि डोकं थकतं. कानाला श्रवणयंत्र आहे म्हणजे सगळं ऐकू येतं असंही नसतं. यंत्र आवाज मोठा करतं, पण स्पष्ट करतंच असं नाही, आणि कचेरीतला पंखा, टायपिंग, बाजूची बडबड हेही सगळं त्यातून मोठं होऊनच येतं.

आता नमस्कार. तो करायला काही नवं शिकावं लागत नाही. हात जोडावेत, मान किंचित झुकवावी, हसावं. जोडलेले हात सगळ्यांना कळतात. खरी अडचण नजरेची आहे. वडीलधाऱ्यांसमोर, साहेबांसमोर नजर खाली ठेवणं हा आपल्याकडे आदर समजला जातो आणि बाईमाणसाकडे टक लावून पाहणं अशिष्ट. कर्णबधिर माणसाच्या बाबतीत हेच वळण उलटं पडतं. तुम्ही नजर काढलीत की तुमचं बोलणं संपलं असा त्याचा अर्थ होतो, आणि त्या काही सांगत असताना तुम्ही मोबाइलकडे पाहिलंत तर तो समोरच्याचं वाक्य मध्येच तोडण्यासारखा प्रकार होतो. टक लावायची नाही, पण चेहऱ्याकडे शांतपणे पाहत राहायचं. नमस्कार करताना मान झुकली तरी डोळे पुन्हा वर यायला हवेत, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत तिथेच थांबायला हवेत. दुभाषी सोबत असेल तेव्हाही मॅडमकडेच पाहावं, दुभाष्याकडे नाही. "त्यांना विचारा, जेवल्या का" असं दुभाष्याला सांगायचं नसतं. मॅडमकडे पाहून "जेवलात का?" असं थेट विचारायचं.

हा प्रश्न तर हातानंही विचारता येतो. बोटं एकत्र करून घास तोंडाकडे नेल्यासारखा हात करा आणि भुवया उंच करा. भुवया हव्यातच. हो-नाही अशा उत्तराचा प्रश्न विचारताना भारतीय सांकेतिक भाषेत भुवया वर जातात, त्या वर गेल्या नाहीत तर तीच खूण नुसतं विधान होते. आवाजातला चढ-उतार आपण जिथे वापरतो तिथे या भाषेत चेहरा वापरला जातो, म्हणून मख्ख चेहऱ्यानं केलेला नमस्कार तुसडा वाटतो. अंगठा वर केला की चांगलं, छान. मान डावी-उजवीकडे डोलावून "हो" म्हणायची आपली सवय मात्र इथे आवरावी, कारण ती हो की नाही तेच कळत नाही. होकाराला मान खाली-वर, नकाराला स्पष्ट आडवी.

याहून पुढे जायचं असेल तर मॅडमनाच विचारावं आणि त्या दाखवतील तसं करावं. घरोघरी तयार झालेल्या खुणा आणि सांकेतिक भाषा यांत फरक असतो, आणि मनानं रचलेल्या खुणांचा मारा केला की समोरच्याला कोडं सोडवत बसावं लागतं. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं तयार केलेल्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १० हजार शब्द झाले आणि त्याचे व्हिडिओ इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. ओळख वाढली की मॅडम कदाचित तुम्हाला तुमचं खुणेचं नावही देतील, गालावरच्या खळीवरून किंवा चष्म्यावरून. ते आपणहून ठेवून घ्यायचं नसतं, कर्णबधिर माणसानं द्यायचं असतं.

चिठ्ठीचं काम नमस्कारानंतर सुरू होतं, आणि इथे फार गोंधळ होतो. ऐकू येत नाही पण वाचता येतं, म्हणजे काहीही लिहिलं तरी चालेल असं लोक धरून चालतात. लहानपणापासून बहिरेपण असलेल्या अनेकांसाठी मराठी ही कानावर न पडता शाळेत शिकलेली भाषा असते. मराठीत अर्धा अर्थ विभक्तीच्या प्रत्ययात असतो आणि सांकेतिक भाषेत तसे प्रत्यय नसतात. आपल्या मॅडमना कुणी घाईत असं लिहून दिलं, "साहेबांनी मीटिंगला बोलावलंय, तीनला म्हणाले होते पण आता चारला करूया म्हणताहेत, पाटलांकडची फाइल घेऊन या." यात "पाटलांकडची" हा शब्द "पाटलांना" असा वाचला गेला तर फाइल चुकीच्या टेबलावर जाते, आणि तीन आणि चार या दोन्ही वेळा डोक्यात राहतात. तेच असं लिहिता येतं:

नमस्कार मॅडम.
मीटिंग आज ४ वाजता. (३ वाजता नाही.)
जागा: साहेबांची खोली.
फाइल पाटील यांच्याकडे आहे. ती घ्या. मीटिंगमध्ये आणा.

एका ओळीत एक गोष्ट, आकडे अंकात, अक्षर सुटं. पहिली ओळ गाळू नये. दिवसभर नुसत्या हुकुमाच्या चिठ्ठ्या मिळणाऱ्या माणसाला ती ओळ फार लागते. चिठ्ठी हातात दिल्यावर त्या वाचत असताना गप्प आणि स्थिर राहावं. कागदावर डोळे असताना हातवारे केले तर एकाच डोळ्यांनी दोन ठिकाणी पाहायचं कसं? वाचून झाल्यावर त्या वर बघतील, तेव्हा पुढचं. मोबाइलवर टाइप करून दाखवणंही चालतं. खासगी गोष्ट लिहिलेली चिठ्ठी टेबलावर पडू देऊ नये, बोललेलं विरून जातं पण कागद पुढचा कुणीही उचलतो.

"समजलं का?" असं विचारलं की बहुतेक जण हसून मान हलवतात. परत विचारायचा संकोच वाटतो, आणि परत विचारल्यावर लोकांचा वैताग त्यांनी अनेकदा पाहिलेला असतो. मान हलणं म्हणजे कळणं नव्हे. त्यापेक्षा "मीटिंग किती वाजता?" असं विचारावं, उत्तरावरून लगेच कळतं. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगावं, नाहीतर लिहावं. आणि "जाऊ दे, काही नाही" असं म्हणून हात झटकू नये. सगळे एखाद्या विनोदावर हसत असतील आणि त्यांनी काय झालं असं विचारलं, तर विनोद फुटकळ असला तरी दोन ओळीत लिहून द्यावा. तो ऐकण्यासारखा होता की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवू दे.

बोलता बोलता तुमचा फोन वाजला तर तो त्यांना ऐकू आलेला नसतो. त्यांना दिसतं ते एवढंच की तुम्ही अचानक तोंड फिरवलंत आणि निघून गेलात. म्हणून आधी त्यांच्याकडे पाहत एक बोट वर करून थांबण्याची खूण करावी, मोबाइल दाखवावा, त्यांनी मान हलवल्यावर मग वळावं. कुणी दारातून हाक मारली तरीही असंच.