कमिशन कधी द्यायचं?

विमा विकणाऱ्या माणसाच्या पगारात खरी मेख कमिशनच्या टक्क्यात नसते, ते कधी हातात पडतं यात असते.

समजा, ठरलेलं काम झालं तर महिन्याला 50,000 रुपये मिळावेत असं ठरवलं. त्यातले 30,000 पक्के. इतके असले, की घरभाड्यासाठी कुणाच्या गळ्यात पॉलिसी मारावी लागत नाही. उरलेले 20,000 दहा पॉलिसींवर, म्हणजे प्रत्येकी 2,000. यातले 1,000 ग्राहकाची पॉलिसी परत करण्याची 30 दिवसांची मुदत संपल्यावर द्यायचे, उरलेले 1,000 दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरला गेला की. निवृत्त शिक्षकाला ‘एफडीसारखीच आहे’ म्हणून विकलेली पॉलिसी बहुधा इथेच उघडी पडते.

मग हुशार विक्रेता थांबेल का? थांबेल, पण अकराव्या पॉलिसीपासून दर 2,500 करा आणि वरची मर्यादा काढून टाका. मात्र ‘दहा झाल्या तरच कमिशन, नऊ झाल्या तर शून्य’ हा नियम नको. त्या नियमाने 30 तारखेला बहिणीच्या नावावर पॉलिसी निघते! महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत विक्रीचा ढीग दिसला, तर आधी नियम तपासा, माणूस नंतर.

एक अडचण उरते. ग्राहकाची नोकरी गेली, हप्ता थांबला, तर विक्रेत्याचा काय दोष? म्हणून वाढीव दर थांबवण्याआधी त्याचं प्रमाण शाखेच्या सरासरीशी ताडून पाहावं.